नंबर प्लेट वाचता येते, तरी रात्री गाडी नको

बेळगाव,
गुरुवार

प्रिय बाळू,

रात्री समोरच्या लाईटनं डोळे दिपतात म्हणून तू पिवळा चष्मा घेतलास म्हणे. तो कपाटात ठेव. अंधारात डोळ्यात जाणारा उजेड तो आणखी कमी करतो. माझं काय झालं ते वाच.

लायसन्सच्या नूतनीकरणाला चाळिशीनंतर फॉर्म १ए लागतो, तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी लांब उभ्या गाडीची नंबर प्लेट वाचायला लावली, लाल-हिरवा ओळखायला लावला, झालं. फॉर्मात लिहिलंय काय, तर भर उजेडात २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का. रातांधळेपणाचा प्रश्नही आहे, पण समोरून लाईट आला की काय दिसतं हे कुणी विचारत नाही. मी ऐटीत पास.

पंधरवड्यानं निपाणीहून परत येताना, संकेश्वरच्या अलीकडे, समोरून ट्रक आला. लाईटभोवती पांढरं धुकं पसरलं आणि त्यात माझ्यापुढची उसाची ट्रॉली गडपच झाली. तिला मागे लाल दिवा नव्हता, हे खरं. पण शेजारी बसलेल्या पोराला ती दिसत होती. तो ओरडला म्हणून ब्रेक लागला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत तक्ता वाचून घेतला. उजव्या डोळ्यानं ६/९, म्हणजे चांगलंच. मग बाजूनं टॉर्च धरून तोच तक्ता वाचायला लावला, तर ६/३६! बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासल्यावर डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या आवरणालगत, बरोबर मधोमध, डाग दिसला. दम्यासाठी मी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, त्यानं असा मोतीबिंदू लवकर धरतो म्हणाल्या. मधुमेहातही धरतो. डाग उजेड विखरतो, म्हणून लाईट पसरतो. उन्हात बाहुली बारीक झाली की तो नेमका वाटेतच येतो. दुपारी वाचताना मला धूसर दिसायचं, ते यामुळं.

तुझं तेच असेल असं नाही. आधी काच आतून पूस, तिच्यावरचा तेलकट थरही लाईट पसरवतो. पापणी मिटून उघडल्यावर क्षणभर नीट दिसलं, तर डोळा कोरडा असेल. चष्म्याचा नंबर बदललाय का, तेही बघून घे. एवढं करूनही एका डोळ्यानं जास्त पसरत असेल, तर तपासणी टाळू नको. आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसून डोळा ठणकला, तर थांबूच नको, त्याच दिवशी जा. तो काचबिंदू असू शकतो.

माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. आई म्हणायची तसं 'पिकू दे' म्हणत बसायची आता गरज नाही. डोळ्यात बसवायचं भिंग निवडताना मी रात्री गाडी चालवतो हे आधीच सांगितलं. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगानं रात्री लाईटभोवती कडी दिसू शकतात, म्हणून बाईंनी साधं, लांबचं भिंग सुचवलं. वाचायला चष्मा लागेल, लागू दे.

तोवर अंधार पडल्यावर स्टेअरिंग पोराकडे. रविवारी खानापूरला यायचं ठरलंय ना, तर जेवण दुपारीच ठेव. वहिनींना सांग.

तुझा,
दत्ता