बटाट्याचे पाणी टाकून देणे

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

बाबांचे डायलिसिस चालू आहे, त्यामुळे पोटॅशियम, पाणी आणि फॉस्फरस त्यांना बेतानेच द्यावे लागते. मी पंधरा दिवस नसताना त्यांचा स्वयंपाक तुझ्याकडे राहील, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते. मागे माझ्या हातून झालेली चूक तुझ्याकडून होऊ नये. बटाटे रात्रभर थंड पाण्यात भिजवले की पोटॅशियम निघून जाते, अशा समजुतीने मी ते सकाळी थेट रश्शात शिजवले आणि रस्साही वाढला. पुढच्या तपासणीत त्यांच्या रक्तातले पोटॅशियम वाढून ६.३ आले. नुसत्या भिजवण्याने कच्च्या बटाट्यातून फारच थोडे पोटॅशियम बाहेर पडते. जे खरे सुटते, ते उकळताना पेशी फुटल्यावर, आणि मी नेमके तेच पाणी वाढले होते.

म्हणून बटाटे सोलून लहान फोडी कर, शक्यतो किसच, कारण उकडल्यावर फोडींतले साधारण निम्मे, तर किसातले सुमारे तीन चतुर्थांश पोटॅशियम पाण्यात उतरते. भरपूर पाण्यात एक उकळी आणून ते पाणी ओतून दे, नवे पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजव आणि तेही निथळून टाक. मग कोरडी भाजी परत. वाफवण्याने किंवा मायक्रोवेव्हमध्ये शिजवण्याने हे साधत नाही, कारण पोटॅशियम वाहून न्यायला पाणीच नसते. इतके करूनही काही अंश उरतोच, तेव्हा अर्ध्या वाटीहून अधिक वाढू नकोस. चव सपक लागली तर लिंबाचे दोन थेंब पुरेत. ‘कमी सोडियमचे मीठ’ मात्र घरात आणू नकोस, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असते.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. बाबांना दिवसाला सुमारे २०० मिली लघवी होते, त्यात ५०० मिळवून डॉक्टरांनी ७०० मिली ठरवून दिले आहे. सकाळी बाटलीत तेवढे पाणी भर आणि चहा, सूप किंवा बर्फ दिलास की तितके बाटलीतून ओतून टाक. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेले वजन बहुतांशी पाण्याचेच असते, एक लिटरला एक किलो. खारट खाल्ले की ते पाणी मागणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

फॉस्फरस असा धुऊन फारसा जात नाही. पाकिटावर ‘फॉस्फेट’ शब्द दिसला की ते घेऊ नकोस, कारण मिसळलेले फॉस्फेट धान्य-डाळींतल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषले जाते. त्यांची फॉस्फरस धरून ठेवणारी गोळी जेवणाबरोबरच दे; तासाभराने दिलेली गोळी अन्नातला फॉस्फरस धरू शकत नाही.

पाय गळाल्यासारखे वाटले किंवा छातीचे ठोके चुकले, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्यांना लगेच रुग्णालयात ने.

तुझी आई