बोर्डावर चार नावं, पण रात्री एकही माणूस नाही

संपादक महोदय,
कामाच्या जागेवरच्या सेफ्टीबद्दल छापून येतं ते बहुतेक आग, हेल्मेट नाहीतर मशीनच्या गार्डबद्दलच असतं. फर्स्ट एडचा विषय निघाला की सगळे भिंतीवरच्या डब्याकडे बोट दाखवतात, आहे ना डबा, संपला विषय. तो डबा प्रत्यक्षात कसा चालतो, म्हणजे चालत नाही, ते मी आमच्याच युनिटमध्ये बघितलंय, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे १६० माणसं, दिवसपाळीत ११० आणि रात्रपाळीत ५०. बोर्डावर चार ट्रेन्ड फर्स्ट एडरची नावं आहेत. एका रात्री एका मुलाचा हात वाफेच्या पाइपला लागला, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. बोर्ड बघितला तर चारपैकी दोघं दिवसपाळीचे, एकाची बदली होऊन कितीतरी महिने झालेले, आणि चौथा त्या दिवशी रजेवर. मग जो तो आपल्या मनाने धावला. कुणी मलम फासलं, कुणी त्यावर कापूस ठेवून पट्टी गुंडाळली. हॉस्पिटलात तो कापूस सोडवताना पोराची जी हालत झाली ती मी विसरणार नाही. खरं तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा, सूज चढायच्या आत अंगठी, घड्याळ काढायचं, आणि मग न चिकटणारं निर्जंतुक ड्रेसिंग सैलसर लावून डॉक्टरकडे न्यायचं, एवढंच होतं. नळ दहा पावलांवर होता हो.

फर्स्ट एडर किती हवेत ते एकूण माणसांवर काढून भागत नाही, ते पाळीवर काढायला लागतं. जिथे मशीन, वाफ, केमिकल आहे तिथे साधारण ५० माणसांमागे किमान एक, असा ढोबळ हिशोब धरतात. त्या हिशोबाने आम्हाला दिवसा तीन आणि रात्री एक, म्हणजे चार, बोर्डावर पण चारच, मॅनेजमेंट खूश! पण माणूस रजा घेतो, आजारी पडतो, त्यामुळे प्रत्येक पाळीत निदान एक जास्तीचा धरायलाच हवा, म्हणजे दिवसा चार आणि रात्री दोन, एकूण सहा. आणि ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटलाही मुदत असते, ती संपली की नाव बोर्डावरून काढायला नको का?

आता डबा. आमच्यातून निघालं काय, तर डोकेदुखीच्या गोळ्या, कापसाचा गठ्ठा, आणि तारीख उलटून गेलेलं मलम. गोळ्या त्यात नकोतच, कुणाला कशाची अॅलर्जी आहे ते देणाऱ्याला कुठे माहीत असतं, आणि कापसाचे तंतू जखमेत अडकतात. हवं ते साधंच असतं, वेगवेगळ्या साइजची निर्जंतुक ड्रेसिंग, चिकटपट्ट्या, त्रिकोणी बँडेज, चिकटटेप, कपडे कापता येतील अशी बोथट टोकाची कात्री, आणि हातमोजे. हातमोजे सगळ्यात आधी संपतात आणि सगळ्यात शेवटी भरले जातात. डोळे धुवायच्या बाटलीवर तर भरवसाच ठेवू नका, डोळ्यात केमिकल गेलं तर निदान १५-२० मिनिटं सतत पाणी लागतं, आणि अर्ध्या लिटरची बाटली काही मिनिटांत रिकामी होते, म्हणून जवळ नळ नाहीतर आयवॉश पाहिजेच.

फर्स्ट एड रूमचं काय सांगू, तिथे खोके रचलेले. बेडपर्यंत स्ट्रेचर जातच नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते रजिस्टरबद्दल. त्या रात्रीची नोंद आहे "हात भाजला, औषध दिले." बस. किती वाजता, कुठे, कशाने, पाण्याखाली धरला का, धरला तर किती वेळ, उपचार कुणी केला, पुढे कुठे पाठवला, काही नाही. पुढे भरपाईचा प्रश्न आला तेव्हा जो तो वेगळं सांगायला लागला. त्यात रजिस्टर टेबलावर उघडंच, कुणीही यावं आणि कुणाला काय झालं ते वाचावं. एका घटनेला एक सुटं पान, लगेच भरून कुलपात, असं केलं तर हा प्रकार थांबेल.

नंतर मी आणि एका सहकाऱ्याने मागच्या सहा महिन्यांची पानं चाळली. १९ नोंदी, त्यातल्या ११ बोटं कापल्याच्या. जागा लिहिलेलीच नव्हती, म्हणून एकेकाला गाठून विचारलं, तर ११ पैकी ९ जण पॅकिंगच्या एकाच टेबलावरचे निघाले. जाऊन बघितलं तर तिथल्या कटरचं कव्हर तुटलेलं. सहा महिने आम्ही त्या टेबलाला चिकटपट्ट्या पुरवत होतो. कव्हर आता बसलंय, रात्रपाळीचा दुसरा फर्स्ट एडर मात्र अजून मिळालेला नाही.

आपला,
रात्रपाळीतला एक वाचक