कोटेशनवरची ‘25 वर्षे वॉरंटी’: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

छतावर सोलर बसवणाऱ्या माणसाच्या हातात शेवटी जो कागद पडतो, त्याबद्दल मी आपल्याला लिहिते आहे. मी विद्युत अभियंता आहे आणि बसवून झालेले संच तपासण्याचं काम करते. लोक कोटेशन दाखवतात तेव्हा त्यावर बहुतेक वेळा एकच ओळ ठळक छापलेली असते: ‘25 वर्षे वॉरंटी’. ही ओळ खोटी नसते, पण तिच्यात तीन वेगवेगळी वचनं एकत्र गुंडाळलेली असतात आणि त्यांतली दोन 25 वर्षांच्या आसपासही पोचत नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी जे झालं ते सांगते, म्हणजे मुद्दा नीट कळेल. ताईच्या छतावर 400 वॅटचे 10 पॅनल आहेत, एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले. सहाव्या वर्षी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र, बंद पडला. बसवणाऱ्याने सांगितलं की इन्व्हर्टरची वॉरंटी 5 वर्षांचीच होती. ताईने कोटेशन पुढे केलं, तेव्हा उत्तर आलं, “ते 25 वर्षं पॅनलचं आहे.” कागदावर ती ओळ संपूर्ण संचाच्या वर्णनाखाली होती. पॅनलचा किंवा इन्व्हर्टरचा वेगळा उल्लेख कुठेच नव्हता.

इन्व्हर्टर 5 ते 10 वर्षांच्या वॉरंटीचा असतो यात गैर काही नाही. त्याच्या पोटात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ते उष्णतेने हळूहळू वाळतात. ढोबळ हिशेब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. ताईचा इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर होता, वर पत्रा आणि दुपारभर ऊन. तोच सावलीत, चारही बाजूंनी हवा खेळेल अशा जागी असता तर आणखी काही वर्षं सहज चालला असता. पॅनलच्या आयुष्यात इन्व्हर्टर निदान एकदा बदलावा लागणार, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ग्राहकाला ते पहिल्या दिवशी सांगितलं जात नाही. वॉरंटी वाढवून घेण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, पण ती सुरुवातीच्या ठरावीक मुदतीतच घ्यावी लागते. ताईच्या बाबतीत ती मुदत संपून गेल्यावर तिला कळलं की अशी सोय होती. आणखी एक गोष्ट कागदावर बारीक अक्षरांत असते: वॉरंटीत बदलून मिळालेल्या इन्व्हर्टरला नवी मुदत मिळत नाही, जुन्याची जेवढी उरली असेल तेवढीच.

आठव्या वर्षी ताईचा फोन आला. युनिट कमी पडत होती. त्याच महिन्यांचे आकडे पहिल्या वर्षाशी ताडून, उन्हाचा फरक वजा करून पाहिलं, तर 17 टक्के घट निघाली. ताईचं म्हणणं, “पॅनल म्हातारे झाले, आता वॉरंटीत बदलून द्यायला हवेत.” बहुतेक लोक असंच समजतात, आणि या गैरसमजाची किंमत त्यांनाच मोजावी लागते. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडते.

पॅनलला मुळात दोन वॉरंटी असतात. एक वस्तूची, म्हणजे काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स यांत दोष निघाला तर. ती बहुधा 10 ते 12 वर्षांची असते, अलीकडे काही कंपन्या जास्तही देतात. दुसरी शक्तीची, आणि 25 वर्षं म्हणतात ती हीच. ताईच्या पॅनलच्या मूळ दस्तऐवजात लिहिलं होतं की पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 2 टक्के आणि त्यानंतर दर वर्षी 0.55 टक्के घट. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर 98 टक्के, आठव्याच्या शेवटी 94.15 आणि पंचविसाव्याच्या शेवटी 84.8 टक्के. हे आकडे हवेतले नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या डर्क जॉर्डन आणि सारा कर्ट्झ यांनी 2012 साली जगभरातल्या जवळजवळ 2000 नोंदी एकत्र केल्या, तेव्हा घटीचा मध्यांक वर्षाला अर्धा टक्का निघाला. चांगला पॅनल खरोखरच इतक्या सावकाश म्हातारा होतो.

पण हे वचन युनिटचं नाही, वॅटचं आहे. आणि तेही प्रयोगशाळेतल्या वॅटचं: चौरस मीटरवर 1000 वॅट ऊन आणि पॅनलचं तापमान 25 अंश. भर दुपारी छतावरचा पॅनल 60 अंशांपर्यंत तापतो, तेव्हा तो छापील वॅटच्या दहा-बारा टक्के खालीच असतो. ती घट वॉरंटीत धरत नाहीत. शिवाय मोजणीची चूक म्हणून कंपन्या साधारण 3 टक्के सूट स्वतःकडे ठेवतात. म्हणजे आठव्या वर्षाअखेर 94.15 नव्हे, तर सुमारे 91.3 टक्क्यांच्या खाली मोजणी आली तरच दावा उभा राहतो.

आम्ही पॅनल धुतले. 17 पैकी 6 टक्के तिथेच परत आले, कारण खालच्या कडेला धुळीचा घट्ट थर बसला होता. शेजारी नवी पाण्याची टाकी उभी राहिली होती, तिची सावली दुपारनंतर दोन पॅनलवर येत होती. त्यात 4 टक्के गेले. मग मी स्ट्रिंगचा व्होल्टेज मोजला, तो हिशेबापेक्षा कमी भरला. एकेक पॅनल सुटा करून मोजला तेव्हा नऊ ठिकाणी सुमारे 41 व्होल्ट आले आणि एका ठिकाणी 27. पॅनलमधल्या सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड; गटावर सावली आली की तो करंटला वळसा घालून पुढे नेतो. डायोड शॉर्ट झाला की तो गट मोजणीतून गायबच होतो आणि व्होल्टेजचा बरोबर तिसरा हिस्सा जातो. दहा पॅनलमधल्या एकाचा तिसरा हिस्सा म्हणजे एकूण 3.3 टक्के. उरली साधारण 3.7 टक्के घट. पहिल्या वर्षापासून आठव्यापर्यंत वचनानुसार 3.85 टक्के होणारच होती. म्हणजे पॅनलचं ‘म्हातारपण’ अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. दावा करण्याजोगा एकच पॅनल होता, आणि तो शक्तीच्या नव्हे, वस्तूच्या वॉरंटीतला.

महोदय, इथपर्यंतचं काम साध्या मीटरने एका सकाळी झालं. खरी अडचण पुढे आली. कंपनीने मूळ बिल आणि सिरीयल नंबर मागितला. बिलावर ‘सोलर संच, 4 किलोवॅट, 1 नग’ असं लिहिलेलं. दहा नंबरांची यादी बसवणाऱ्याने कधी दिलीच नव्हती, आणि आता त्याचा फोन लागत नव्हता. पॅनलच्या पाठीवरचं स्टिकर उन्हापाण्याने पांढरं पडलं होतं. सुदैवाने काचेच्या आत बारकोड होता, त्यावरून नंबर मिळाला. वॉरंटी सुरू झाल्याची तारीख कंपनीने कारखान्यातून माल निघाल्यापासून धरली, ताईच्या छतावर वीज सुरू झाली त्या दिवसापासून नव्हे. वस्तूच्या वॉरंटीत अजून दोन वर्षं शिल्लक होती म्हणून दावा टिकला. चार महिन्यांनी नवा पॅनल आला, तो जास्त वॅटचा आणि आकाराने मोठा, कारण जुना नमुना बनणं बंद झालं होतं. सांगाडा बदलून घ्यावा लागला. तो खर्च, उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि वाहतूक ताईनेच भरली. वॉरंटीच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलेलंच होतं, फक्त तो कागद तिला आठव्या वर्षी पहिल्यांदा दिसला.

आता समजा घट डायोडची नसून खरोखरच म्हातारपणाची असती, पॅनल 88 टक्क्यांवर आला असता. मग व्होल्टमीटरने काहीच सिद्ध झालं नसतं. पॅनल उतरवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फ्लॅश टेस्टसाठी, म्हणजे ठरावीक प्रकाशाच्या झोतात त्याचे वॅट मोजण्यासाठी, पाठवावा लागला असता. अहवाल ग्राहकाच्या बाजूने आला नाही तर त्याचा खर्च ग्राहकाच्या माथी. बाजूने आला तरी दुरुस्ती, बदली, कमी पडलेल्या वॅटची भरपाई की वापराची वर्षं वजा करून पैसे, हे ठरवण्याचा हक्क कंपनीचा. तीन टक्क्यांच्या फरकासाठी कोणताही घरमालक या वाटेला जाणार नाही. मी आजवर तसा एकही पाहिलेला नाही.

प्रमाणपत्रांचाही असाच गोंधळ आहे. ‘आयईसी 61215 प्रमाणित, म्हणून 25 वर्षं चालणार’ असं विक्रेते सर्रास सांगतात. आयईसी 61215 हे पॅनलच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या चाचणीत पॅनल उणे 40 ते 85 अंशांच्या दरम्यान 200 वेळा तापवून गार करतात, 85 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास ठेवतात. रचनेतला ढोबळ दोष त्यातून लवकर उघडा पडतो. आयुष्याची वर्षं त्या चाचणीतून निघत नाहीत, आणि ती त्यासाठी बनवलेलीही नाही.

माझी मागणी नव्या कायद्याची नाही. नेट मीटरची मंजुरी देताना वीज कंपनी तसेही कागद मागते. त्या यादीत आणखी काही पानं सक्तीची करा. पहिल्या पानावर प्रत्येक पॅनलचा आणि इन्व्हर्टरचा सिरीयल नंबर असावा, सोबत प्रत्येक पॅनलचा कारखान्यातला फ्लॅश टेस्टचा आकडा; तो कंपनीकडे असतोच, फक्त ग्राहकापर्यंत पोचत नाही. दुसऱ्यावर पॅनलची वस्तू, पॅनलची शक्ती, इन्व्हर्टर आणि बसवणाऱ्याचं काम या चारही वॉरंटी वेगवेगळ्या लिहाव्यात: मुदत किती, कोणत्या तारखेपासून, मागे कोण उभं आहे, मजुरी आणि वाहतूक कोणाची. सोबत कंपनीचा मूळ वॉरंटी दस्तऐवज जोडावा, बसवणाऱ्याने केलेला सारांश नको. शेवटी संच सुरू झाला त्या दिवशी मोजलेले प्रत्येक स्ट्रिंगचे व्होल्टेज आणि करंट, अर्थिंग आणि इन्सुलेशनची मोजणी. आयईसी 62446-1 या मानकात संच सुपूर्त करताना द्यायचे कागद आणि चाचण्या आधीच सांगितलेल्या आहेत, नवं काही शोधायला नको. पहिल्या दिवसाचा आकडा हाताशी असेल तर आठव्या वर्षी भांडायला आधार राहतो.

आणखी एक विनंती. छतावरच आय-व्ही कर्व्ह ट्रेसरने, म्हणजे पॅनलचा करंट आणि व्होल्टेज एकत्र मोजणाऱ्या उपकरणाने, घेतलेली मोजणी दाव्याची पहिली पायरी म्हणून कंपन्यांनी स्वीकारावी. तिची अचूकता प्रयोगशाळेइतकी नाही, हे मला मान्य आहे. पण 94 आणि 80 यांतला फरक ती नक्की दाखवते. मग तिथे दोष दिसल्यावर पुढच्या फ्लॅश टेस्टचा खर्च कंपनीने उचलावा.

ताईच्या कोटेशनची प्रत आणि आठव्या वर्षी मी घेतलेल्या मोजण्यांचा तक्ता आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवते आहे. त्या दोन कागदांत किती अंतर आहे, ते आपण स्वतः पाहावं.

आपली विश्वासू,
छतावरचे सोलर संच तपासणारी एक अभियंता