सुरेखाला पत्र : गटाचं व्याज कसं वाटायचं

प्रिय सुरेखा,

तुझे वहीचे फोटो काल रात्री मिळाले, सगळे झूम करून बघितले, आणि आधी एक सांगते, तू घाबरू नकोस, तुमच्या बचत गटाच्या हिशोबात कमी पडणारे ३२० रुपये कुठे गेलेले नाहीत आणि ते तू तुझ्या खिशातून भरायचेही नाहीत. तू लिहिलंयस की दोन रात्री झोप नाही, बायका काय म्हणतील. अगं पहिल्या वर्षी सचिव झाले तेव्हा माझीही हीच गत होती, म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं लिहितेच.

आधी ते ३२०. वर्षअखेरचा हिशोब जुळतो का हे बघायची माझी एकच पद्धत आहे. एका बाजूला बायकांची बचत, त्यात आलेलं व्याज मिळवायचं आणि खर्च वजा करायचा. दुसऱ्या बाजूला बायकांकडे असलेलं कर्जाचं मुद्दल, बँकेतली शिल्लक आणि पेटीतली रोकड. दोन्ही आकडे एकच यायला हवेत. तुझी दुसरी बाजू अशी आहे, कर्ज येणे २१,५००, बँकेत ६,९५०, हातात ४१६, मिळून २८,८६६. पहिल्या बाजूला बचत २६,४०० आणि व्याज २,९६६, त्यातून वह्या-झेरॉक्सचे १८० गेले, म्हणजे २९,१८६. फरक बरोब्बर ३२०.

मग मी तुझ्या कर्ज खात्याचं एकेक पान बघत गेले आणि कमलताईंच्या पानावर थांबले. त्यांचं ४,००० कर्ज, शेकडा दोनने महिन्याला ८० व्याज, आणि डिसेंबर ते मार्च चार महिने त्या मीटिंगला आल्याच नाहीत. तू दर महिन्याला "व्याज ८०" लिहून ठेवलंस आणि शेवटी बेरीज करताना तेही धरलंस. चार ऐंशी तीनशेवीस! म्हणजे ते व्याज फक्त वहीत आहे, पेटीत आलंच नाही. येणं असलेलं व्याज आणि आलेलं व्याज हे दोन वेगळे रकाने ठेव, आणि वाटपात फक्त आलेलं धर, म्हणजे २,६४६. नाहीतर होतं काय, तू वहीत नफा वाटतेस आणि कुणी पैसे मागितले की पेटीत तेवढे नसतात, मग बोट सचिवाकडेच दाखवतात.

आणि कमलताई पुढच्या मीटिंगला समजा ५०० घेऊन आल्या तर आधी व्याज कापायचं, मागचं ३२० आणि त्या महिन्याचं ८०, असे ४००, उरलेले १०० मुद्दलात. मुद्दल राहिलं ३,९००, आता पुढचं व्याज ७८. थकलेलं व्याज मुद्दलात टाकून त्याच्यावर परत व्याज लावू नकोस, आमच्याकडे एकदा तसं केलं होतं आणि ती बाई गटच सोडून जायला निघाली होती, कशीबशी थांबवली. ते ३२० ज्या वर्षी येतील त्या वर्षाच्या व्याजात धरायचे, यंदाच्या नाही.

आता तुझा खरा प्रश्न, वाटायचं कसं. २,६४६ मधून १८० खर्च गेला, राहिले २,४६६. तुमच्या गटात दहाजणी एप्रिलपासून महिना २०० भरतायत आणि दोघी ऑक्टोबरपासून आल्या. तू विचारलंस बारा जणींत सारखं वाटू का, प्रत्येकी २०५ रुपये ५० पैसे. आम्ही पहिल्या वर्षी अगदी हेच केलं. मीटिंगमध्ये मी यादी वाचून दाखवली आणि हिराकाकी, ज्यांना सही सोडून काही लिहिता येत नाही, त्या म्हणाल्या, "माझा पैसा वर्षभर राबला, हिचा अर्धंच वर्ष, मजुरी सारखी कशी?" मला उत्तरच देता येईना. त्या दिवशी मला व्याज काय असतं ते नीट कळलं बघ.

मग मी म्हटलं बचतीच्या प्रमाणात वाटू. तुमच्या गटाला लावलं तर जुन्यांना साधारण २२४ आणि नव्यांना ११२ येतात. ऐकायला न्याय वाटतो, पण यातही चूक आहे कारण नव्या बाईचे पैसे अर्धे तर आहेतच, शिवाय ते गटात राहिलेही कमी महिने. म्हणून प्रत्येक रुपया किती महिने गटात होता ते मोजायचं. एप्रिलचे २०० बारा महिने, मेचे २०० अकरा महिने, असं मार्चचे २०० एक महिना. बारा ते एकची बेरीज ७८, गुणिले २००, म्हणजे जुन्या बाईचे १५,६००. नव्या बाईचे सहा ते एक, बेरीज २१, गुणिले २००, म्हणजे ४,२००. दहा जुन्यांचे १,५६,००० आणि दोघींचे ८,४००, एकूण १,६४,४००. आता २,४६६ ला याने भागलं की दीड पैसा येतो, एक रुपया एक महिना गटात ठेवल्याची ही कमाई. जुन्या प्रत्येकीला २३४, नव्या प्रत्येकीला ६३. बेरीज करून बघ, २,३४० आणि १२६, बरोब्बर २,४६६.

६३ ऐकून त्या दोघींचं तोंड पडेल हे मला माहितीये, म्हणून नुसता आकडा वाचू नकोस, फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर महिने मांडून दाखव, पैसे खाली खाली कमी महिने राहत जातात ते दिसलं की वाद होत नाही. आमच्याकडे झाला नाही.

यात उशिरा भरणारीचाही हिशोब आपोआप होतो. जुलैची बचत कुणी सप्टेंबरमध्ये भरली तर ते २०० नऊऐवजी सातच महिने धरायचे, तिचे सुमारे ६ रुपये कमी होतात. दंड वेगळा लावायचा की नाही ते गटाने ठरवावं, पण तारीख मात्र पैसे हातात आल्याचीच लिही. तुझ्या वहीत मला दोन ठिकाणी नुसतं "जमा" दिसलं, तारीखच नाही, ते आधी सभासद पासबुकाशी ताडून बघ.

आणि हे पैसे शक्यतो हातात देऊ नका. ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा करा, जुन्या बाईची बचत २,४०० ची २,६३४ होईल आणि पुढच्या एप्रिलला ती रक्कम पूर्ण बारा महिन्यांची धरायची, कर्ज द्यायला फंडही वाढतो. ज्यांना अगदी हवेच आहेत त्यांचा ठराव घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

तुम्ही बँकेचं कर्ज घेताय म्हणालीस, मग पुढच्या वर्षी ते पहिल्या बाजूला बचतीसोबत येईल आणि बँकेला भरलेलं व्याज खर्चात जाईल, वाटपाच्या आधीच. ते विसरलीस तर नफा फुगलेला दिसेल. पहिला हप्ता भरलास की पावतीचा फोटो पाठव, नोंद दोघी मिळून करू, मी रविवारी दुपारी मोकळीच असते.

तुझी,
मंगल