सूचना: आज साडेसहाला भजे अन् चहा

मंडळी, मृगाचा पाऊस आला एकदाचा, तर आज साडेसहाला सगळ्यांनी आमच्याकडं यायचं. कांदे उभे पातळ चिरून मीठ लावून १५ मिनिटं ठेवणार आहे, त्यालाच पाणी सुटतं, मग त्यात मावेल तेवढंच बेसन अन् हातावर चोळलेला ओवा, वरून पाणी घातलं की भजे मऊ पडतात म्हणून ते नाहीच. आच मध्यम, बुडबुडे कमी झाले की काढायचे. खिडकीतून काळं रान दिसतं, ढेकळं विरघळताना बघत आई अशीच तळायची अन् पहिला घाणा आम्ही चुलीपाशीच संपवायचो. ज्यांच्या कुंडीत गवती चहा असेल त्यांनी दोन पाती आणा, अन् किती जण येताय ते पाचपर्यंत ग्रुपवर टाका.