ट्यूबलाइट फुटली की आधी पंखा बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीत जवळपास सगळ्यांनी एलईडी बसवून घेतल्या, पण जुन्या चार फुटी ट्यूब गेल्या कुठे तर कुठेच नाहीत, कुणाच्या कपाटामागे, कुणाच्या माळ्यावर, दोनचार तर जिन्याखालीच उभ्या करून ठेवल्यात. परवा त्यातलीच एक पडून फुटली आणि शेजारच्या काकूंनी लगेच झाडू आणून काचा सुपलीत भरल्या, वर धूळ उडाली म्हणून पॅसेजमधला पंखाही फुल्ल लावला. काच पायात जाऊ नये एवढीच त्यांची काळजी, ती बरोबरच आहे, पण खरा प्रॉब्लेम काचेचा नाहीच.

चोक-स्टार्टरवाल्या जुन्या ट्यूबमधे आणि सीएफएलमधे पारा असतो. असतो अगदी थोडा, काही मिलिग्रॅम, पण तो नुसत्या खोलीतल्या उष्णतेनेसुद्धा हवेत उडतो आणि श्वासावाटे आत जातो. आतली पांढरी पावडर असते ना, तिलाही तो चिकटलेला असतो. झाडू मारला की ती पावडर सगळीकडे पसरते, आणि वर तोच झाडू उद्या स्वयंपाकघरात फिरतो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, एकीकडून ओढून दुसरीकडून हवेत सोडतो.

म्हणून फुटली तर आधी पंखा, एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि पोराबाळांना आणि कुत्र्यामांजरांनाही घेऊन दहापंधरा मिनिटं त्या खोलीतून बाहेर पडायचं. मग हातमोजे घालून, नसतील तर हातात जाड प्लास्टिकची पिशवी अडकवून, पोस्टकार्डासारख्या जाड कागदाने काचा आणि पावडर गोळा करायची, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलायचा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसायची आणि हे सगळं, तो कागद पट्टी धरून, झाकणाच्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करायचं. नुसत्या कॅरीबॅगमधून वाफ बाहेर येत राहते. ती बरणी घराबाहेर सावलीत ठेवायची आणि खिडक्या पुढे काही तास उघड्याच राहू द्यायच्या. एक ट्यूब फुटली म्हणून कुणी मरत नाही, घाबरायचं कारण नाही, पण जो माणूस कचऱ्याच्या गाडीवर रोज अशा ट्यूब दाबून बसवतो त्याचं काय हे कुणी विचारत नाही. एलईडीत पारा नसतो, तरी ती इ-कचऱ्यातच द्यायची.

त्याच गाडीत आपण बॅटऱ्याही टाकतो. घड्याळातले, रिमोटचे पेन्सिल सेल त्यातल्या त्यात गरीब, ते लीक होतात तेवढंच. पण मोबाईल, पॉवरबँक, ब्लूटूथ इयरफोनच्या लिथियम बॅटऱ्या गाडीत दाबल्या गेल्या की आतून शॉर्ट होऊन पेट घेतात. देईपर्यंत घरात ठेवायच्या तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा, चिल्लर किंवा चाव्यांच्या डब्यात तर नकोच. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका. आणि बटण सेल रिमोटमधून काढून टेबलावर ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे, तर "संपलेल्या" सेलमधेही लहान मुलाची अन्ननलिका जाळायला पुरेल एवढा करंट शिल्लक असतो, गिळल्यावर दोन तासात आत गंभीर इजा होऊ शकते. गिळला असा नुसता संशय जरी आला तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

औषधांचं म्हणाल तर बेसिनमधे ओतून किंवा फ्लश करून टाकू नका, अँटिबायोटिक्स सांडपाण्याच्या प्लांटमधे पूर्ण निघत नाहीत. अख्खी स्ट्रिप कचऱ्यात टाकली तर कुणीतरी उचलून खाऊ शकतं, म्हणून गोळ्या बाहेर काढून, वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवून, बंद डब्यात, आणि रिकामी स्ट्रिप कापून. हा नाइलाजाचा उपाय आहे, गोळा करणारं कुणी असेल तर तिथेच द्यावं. केरळने 2025 मधे कोझिकोडपासून जुनी औषधं गोळा करायची योजना सुरूही केली.

आता मुद्दा असा की 2016 च्या घनकचरा नियमांत हा सगळा "घरगुती घातक कचरा" वेगळा मानला होता आणि तो घेण्यासाठी पालिकेनं दर 20 चौरस किलोमीटरला एक केंद्र उघडून त्याच्या वेळा जाहीर करायच्या असं लिहिलं होतं. आमच्या भागातलं केंद्र कुठंय ते वॉर्ड ऑफिसातही कुणाला सांगता आलं नाही, घंटागाडीवाला म्हणाला ओल्यात नका टाकू एवढंच. तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी पालिकेकडून केंद्रांचे पत्ते आणि वेळा मिळवून पेपरात छापाव्यात ही विनंती, मिळाल्या नाहीत तर तसंही छापावं.

आपला,
एक वाचक