सूचना : ई-चलान भरण्यापूर्वी फोटो तपासावा

सातारा येथील आपल्या सोसायटीतील ज्या सभासदांच्या मुलांनी नुकताच परवाना काढला आहे, त्यांनी चलानाचा संदेश येताच घाईने पैसे भरू नयेत, ही कळकळीची विनंती. संदेशातील लिंक उघडू नये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल तर मुळीच उतरवून घेऊ नये, कारण अशा फाइलींतून बँक खाती रिकामी केली जातात. mahatrafficechallan.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करून, गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरल्यास त्या गाडीवरील चलाने दिसतात. हे अंक आरसी बुकात असतात.

चलानावरील तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम वाचावे. मात्र सर्वांत बारकाईने फोटो पाहावा. माझ्या मुलाच्या स्कूटरवर पुण्यातील विनाहेल्मेटचे चलान आले, तेव्हा फोटो मोठा करून पाहिल्यावर गाडी मोटारसायकल निघाली आणि नंबरप्लेटवरील चिखलामुळे ३ चा ८ वाचला गेल्याचे दिसले. अशा वेळी त्याच संकेतस्थळावरील तक्रारीच्या पर्यायातून चलान क्रमांक, आरसी आणि आपल्या गाडीचा नंबरप्लेटसह फोटो पाठवावा, व निर्णय होईपर्यंत पैसे भरू नयेत. एकदा रक्कम भरली की चूक मान्य केल्यासारखेच होते.

फोटोत आपलीच गाडी असेल, तर तेथेच ऑनलाइन दंड भरून पावती जपून ठेवावी. थकलेले चलान न्यायालयापर्यंत जाते. चलान वाहनमालकाच्या नावे निघते, म्हणून मित्राला गाडी दिली असली तरी संदेश आपल्यालाच येतो.

— सचिव